दुसरी बाटली देण्याआधी

डोळ्यांत घालायच्या स्टिरॉइडच्या पाच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा एकेक थेंब घातला, तर रोजचे आठ थेंब होतात आणि बाटली बारा दिवसांत संपते. काही थेंब गालावर सांडतात, म्हणजे त्याहूनही लवकर. आता दुसरा आकडा बघा. ज्यांच्या डोळ्यांना स्टिरॉइड सोसत नाही, त्यांच्या डोळ्यांतला दाब बहुतेक वेळा दोन ते सहा आठवड्यांत वाढतो. म्हणजे पहिली बाटली संपवून माणूस दुसरी मागायला दुकानाच्या काउंटरवर उभा राहतो, नेमक्या त्याच सुमारास त्याच्या डोळ्यांचा दाब मोजायची पहिली वेळ आलेली असते.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. डोळ्यांच्या स्टिरॉइडची दुसरी बाटली दाबाचा आकडा पाहिल्याशिवाय कुणी लिहू नये, कुणी विकू नये. ही मागणी कुणाला टोकाची वाटेल. पण हा आकडा न बघता बाटल्यांमागून बाटल्या देत राहणं आज सर्रास चालतं, आणि ते कुणालाच टोकाचं वाटत नाही. माझा राग त्यावर आहे.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. या विषयात शिरलो तो माझ्या भाच्यामुळे. अकोल्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा हा मुलगा. आठव्या वर्षी त्याचे डोळे उन्हाळ्यात खाजायला लागले. लाल व्हायचे, दोरीसारखा चिकट स्राव यायचा, उजेडात उघडवायचे नाहीत. या आजाराला व्हर्नल कंजंक्टिव्हायटिस म्हणतात. कोरड्या, उष्ण, धुळीच्या प्रदेशातल्या मुलांना, त्यातही मुलग्यांना तो जास्त होतो. बहुतेकांचा वयात येताना आपोआप कमी होतो. मधली पाच-सात वर्षं मात्र काढावी लागतात.

गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डेक्सामेथासोनचे थेंब दिले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. खाली एक ओळ होती, 'गरज वाटल्यास परत दाखवा'. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र झाले. थेंब थांबवले तशी आठवड्याभरात खाज परत आली. ताई परत डॉक्टरांकडे गेली नाही. रिकामी बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली आणि तिला तीच बाटली मिळाली. पुढच्या खेपेला तर दुकानदारच म्हणाला, "तेच ना, ताई?"

त्या दुकानात ताईचं महिन्याचं खातं होतं. पुढे मी ती वही मागून घेतली आणि नोंदी मोजल्या. तीन उन्हाळे आणि मधले काही महिने धरून सत्तावीस बाटल्या. बारा दिवसांना एक या हिशोबाने जवळपास अकरा महिन्यांचं औषध झालं. प्रत्येक बाटलीची तारीख आणि किंमत टिपलेली होती. या सगळ्या काळात त्या मुलाच्या डोळ्यांचा दाब किती वेळा मोजला गेला? शून्य वेळा. दुकानाने पैशांचा हिशोब चोख ठेवला होता. डोळ्यांचा हिशोब ठेवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

अकराव्या वर्षी तो क्रिकेट खेळताना उजवीकडून येणारा चेंडू सोडायला लागला आणि दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटायला लागला. घरच्यांना तो धांदरट वाटला. नंबर लागला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात नेलं, तिथे त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली. शेवटी नागपूरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी दाब मोजला. उजव्या डोळ्यात ४२, डाव्यात ३६. सर्वसाधारण दाब १० ते २१ असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. उजव्या डोळ्याची नस बरीचशी खलास झाली होती, डाव्याची सुरुवात झाली होती. दोन्ही भिंगांच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूचा पुसट डागही दिसत होता.

इथे डोळ्यात नेमकं काय होतं ते समजून घ्यायला हवं, कारण 'साइड इफेक्ट' या शब्दाने काहीच कळत नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि सतत बाहेर जात असतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही, तो आतल्या आत फिरतो. पारदर्शक पारपटल आणि रंगीत बुबुळ जिथे मिळतात त्या कोनात एक बारीक जाळी असते, ट्रॅबेक्युलर मेशवर्क. बराचसा द्रव तिच्यातून निथळतो. स्टिरॉइडमुळे या जाळीतल्या पेशींचा सांगाडा ताठर होतो, पेशींच्या मधल्या जागेत नको तो माल साठतो आणि निचरा मंदावतो. नळ तितकाच चालू, मोरीची जाळी मात्र तुंबलेली. दाब वाढतो आणि तो मागे ऑप्टिक नर्व्हवर, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर पडतो. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. गेलेला तंतू परत येत नाही. यालाच काचबिंदू म्हणतात.

यात दुखत नाही. दाब हळूहळू चढला तर डोळा लाल होत नाही, डोकंही दुखेल असं नाही. उलट स्टिरॉइडमुळे डोळा पांढरा, शांत, सुंदर दिसतो. नजर जाते ती आधी कडेची. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली जागा मेंदू अंदाजाने रंगवतो. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून तक्ता वाचता येतो. 'नंबर तपासला, सगळं ठीक आहे' या वाक्याला इथे काहीही किंमत नाही. आजार वाढतो आहे याची रुग्णाला एकच खूण दिसू शकते, ती म्हणजे दाबाचा आकडा. तो घरी दिसत नाही, आरशात दिसत नाही, मोजावाच लागतो.

मोतीबिंदूची गोष्ट थोडी वेगळी. स्टिरॉइडचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या पडद्यालगत, ऐन मध्यावर होतो. त्यामुळे भर उन्हात बाहुली आकसली की जास्त त्रास होतो, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, वाचायला जड जातं. म्हणजे तो निदान तक्रार तरी करतो. औषध थांबवून तो सहसा मागे जात नाही, पण शस्त्रक्रियेने भिंग बदलता येतं. नस बदलता येत नाही. म्हणून या लेखात माझा रोख दाबावर आहे.

आता पहिला बचाव ऐकू या. 'सगळ्यांना थोडंच होतं?' बरोबर, सगळ्यांना होत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्मली आणि बेकर यांनी वेगवेगळ्या अभ्यासांत लोकांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब घालून दाब मोजला. शंभरातल्या साधारण पाच जणांचा दाब पंधराहून जास्त अंकांनी चढला, जवळपास एक तृतीयांश लोकांचा मध्यम चढला, उरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. काचबिंदू असलेल्यांत आणि त्यांच्या आई-वडील, भावंडं, मुलांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. लहान मुलांत दाब अधिक लवकर आणि अधिक चढू शकतो. पण त्या शंभरातले पाच कोण, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. थेंब घालून, थांबून, मोजूनच कळतं. 'सगळ्यांना होत नाही' हे न मोजण्याचं कारण असूच शकत नाही, ते तर मोजण्याचंच कारण आहे. सगळ्यांनाच झालं असतं, तर मोजायची गरजच नव्हती, औषधच कुणी दिलं नसतं.

आणि हे सगळं साठ वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. तोंडाने दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांमधला मोतीबिंदू १९६० साली छापून आला होता. यात नवं संशोधन व्हायची वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

दुसरा बचाव डॉक्टरांचा. 'आम्ही दहा दिवसच लिहिले होते, लोकच मनाने चालू ठेवतात.' हे खरं आहे आणि अपुरं आहे. दोन दिवसांत खाज थांबवणारं औषध हातात असलेली आई, रडणाऱ्या पोराकडे बघत, ते थांबवेल कशाच्या आधारावर? तिला कुणी सांगितलं होतं का, की या बाटलीत स्टिरॉइड आहे? अनेक बाटल्यांत अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असतात आणि घरात त्यांना नुसते 'डोळ्यांचे अँटिबायोटिक थेंब' म्हणतात. 'गरज वाटल्यास परत दाखवा' या ओळीत तर तिढाच आहे, कारण दाब चढतो तेव्हा गरज वाटत नाही. ज्या आजारात काही वाटतच नाही, त्यात परत येण्याचा निर्णय रुग्णाच्या वाटण्यावर सोडणं ही देखरेख नव्हे. चिठ्ठीवर तारीख हवी. 'अमुक तारखेला थेंब बंद. त्याआधी खाज परत आली तर दाब मोजायला या, कारण या औषधाने नस कायमची जाऊ शकते.' ही दोन वाक्यं लिहायला अर्धं मिनिट लागतं.

तिसरा बचाव दुकानदाराचा. 'आम्ही नाही दिलं, तर पुढचा देईल.' तो देईल, हेही खरं. पण म्हणून नियम नाही असं होत नाही. या थेंबांच्या खोक्यावर शेड्यूल एचचा इशारा छापलेला असतो, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा. आणि १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांमधला नियम ६५ त्याच्याही पुढे जातो. चिठ्ठी पुन्हा वापरता येईल असं डॉक्टरने स्वतः लिहिलं नसेल, तर तिच्यावर औषध एकदाच द्यायचं. दिल्यावर दुकानाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर टाकायची. मला हवी असलेली व्यवस्था जवळजवळ अशीच आहे, आणि ती देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून कागदावर आहे. रिकामी बाटली ही चिठ्ठी नाही. तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठीही चिठ्ठी नाही.

आमच्या कामात एक साधी शिस्त असते. एखाद्या गोष्टीने नुकसान होऊ शकतं हे माहीत असेल, तर 'वापरणाऱ्याने काळजी घ्यावी' असं माहितीपत्रकात लिहून कुणी सुटत नाही. ज्या जागेवरून प्रत्येकाला जावंच लागतं, तिथे तपासणी बसवायची असते. इथे ती जागा रुग्णाची आठवण नाही, डॉक्टरचा उपदेशही नाही. ती जागा म्हणजे दुसरी बाटली. माझा भाचा तीन वर्षांत त्या जागेवरून सव्वीस वेळा गेला.

चौथा बचाव मला सगळ्यात गंभीर वाटतो. 'तालुक्याला दाब मोजायची सोय कुठे आहे? थेंब अडवले तर गरिबाचं पोर खाजवत बसेल.' याचं उत्तर दोन भागांत आहे. एक, खाजेवर स्टिरॉइड हा एकमेव इलाज नाही. ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे थेंब, गार पाण्याच्या पट्ट्या, उन्हात गॉगल आणि टोपी, डोळे न चोळणं याने सौम्य आजार आटोक्यात राहतो. तीव्र आजारात सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम वापरता येतं. त्यांचा गुण सावकाश येतो, सुरुवातीला आग होते, पण दाब चढत नाही. स्टिरॉइड आग विझवायला थोडे दिवस लागलं तर लागू दे. तेव्हाही फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉलसारखं सौम्य निवडता येतं. त्यानेही दाब चढू शकतो, फक्त शक्यता कमी. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ॲसिटेट, डायफ्लुप्रेडनेट ही जोरदार मंडळी.

दोन, दाब मोजणं हे महागडं काम नाही. हवेचा झोत सोडून मोजणारं यंत्र एका मिनिटात दोन्ही डोळे मोजतं. शिऑट्झचं धातूचं जुनं उपकरण तर विजेशिवाय चालतं. मोतीबिंदूच्या शिबिरासाठी गावोगाव माणसं आणि यंत्रं नेता येतात, तर उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत लाल डोळ्यांच्या मुलांचा दाबही मोजता येईल. अडचण सोयीची कमी आणि सवयीची जास्त आहे.

मोजमापालाही मर्यादा आहेत, त्या लपवायला नकोत. मूल घाबरून डोळे आवळतं तेव्हा आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून एका आकड्यावर घाबरून न जाता पुन्हा मोजायचं. याच्या उलट, वर्षानुवर्षं डोळे चोळणाऱ्या मुलांत पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. अशा पातळ पडद्यावर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. म्हणून ॲलर्जीच्या मुलाचा आकडा १९ आला तरी नस एकदा डोळ्याने बघायला हवी. आणि पाचव्या दिवशी मोजून 'नॉर्मल' आलं, याचा अर्थ पन्नासाव्या दिवशीही नॉर्मल असेल असा नाही. रूढ वेळापत्रक असं आहे: थेंब सुरू करताना एकदा, दोन आठवड्यांनी पुन्हा, मग दोन-तीन महिने दर चार आठवड्यांनी, आणि त्यापुढेही औषध चालूच असेल तर दर सहा महिन्यांनी. दाब चढला असेल तर यातलं अंतर डॉक्टर कमी करतात.

भाच्याच्या बाबतीत हे झालं असतं तर काय फरक पडला असता, याचा अंदाज त्याच्या डाव्या डोळ्यावरून येतो. थेंब बंद करून दाब उतरवणारी औषधं सुरू केल्यावर डावा डोळा पाच आठवड्यांत ३६ वरून १८ वर आला आणि औषधं हळूहळू थांबवल्यावरही तिथेच राहिला. स्टिरॉइडने चढलेला दाब वेळेत थांबलं तर बहुतेकदा असाच उतरतो. उजवा डोळा २८ वर अडकला, जाळी कायमची बिघडली होती. त्याला द्रवासाठी नवी वाट काढून देण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर दाब उतरला. गेलेली नजर तशीच गेलेली राहिली.

आता एक इशारा, कारण असे लेख वाचून लोक भलतंच करतात. तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड एकदम बंद करू नका. दमा, संधिवात, ल्युपस, मूत्रपिंडाचे आजार, अवयव प्रत्यारोपण, यांत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या जीव वाचवतात. दीर्घकाळ घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं आणि गोळ्या अचानक थांबल्या तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. डोळ्याच्या आत सूज असलेल्यांनी किंवा पारपटल बदललेल्यांनी थेंबही मनाने थांबवायचे नाहीत, तिथे स्टिरॉइडच नजर वाचवत असतं. मी स्टिरॉइडच्या विरोधात नाही. न मोजता दिलेल्या स्टिरॉइडच्या विरोधात आहे.

गोळ्या घेणाऱ्यांसाठी मागणी वेगळी नाही, फक्त जागा वेगळी आहे. त्यांच्या फायलीत प्रत्येक भेटीला साखर लिहिली जाते, रक्तदाब लिहिला जातो, वजन लिहिलं जातं. तिथेच 'डोळ्यांचा दाब, नस आणि भिंग, शेवटची तपासणी' अशी एक ओळ हवी. गोळ्या तीन महिन्यांपुढे चालणार असतील तर वर्षातून निदान एकदा ती भरलेली असावी, घरात काचबिंदू असेल किंवा रुग्ण लहान असेल तर त्याहून लवकर. संधिवाताचे डॉक्टर म्हणतात डोळे हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघायचे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना माणूस गोळ्या घेतो हे माहीतच नसतं. त्या दोघांच्या मधे ती ओळ पडते. पापण्यांवर महिनोन्महिने स्टिरॉइडचं मलम लावणारे आणि मोठ्या मात्रेत पंप ओढणारे तर कुणाच्याच यादीत नसतात. डोळे दाखवायला जाल तेव्हा हे सगळं आपणहून सांगा.

पालकांना जागरूक करा, असं प्रत्येक चर्चेच्या शेवटी कुणीतरी म्हणतं. माझी ताई जागरूकच होती. सत्तावीस वेळा न चुकता औषध आणलं तिने. जागरूकतेचा भार नेहमी ज्याच्याकडे यंत्र नाही, ज्ञान नाही आणि अधिकारही नाही त्याच्यावर टाकायचा, ही आपली जुनी खोड आहे. यंत्र डॉक्टरकडे आहे, नियम दुकानदाराला बांधतो, तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम औषध निरीक्षकाचं आहे. त्या तिघांनी मिळून एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते मिळेपर्यंत बाटली फळीवरच राहू दे: शेवटचा दाब किती होता, आणि तो कोणत्या तारखेला मोजला?